करडईचा घाणा: पेंड वजा करून तेलाचा भाव कसा काढला (प्रकल्प नोंदी, २०२५)

९ मार्च

यंदाची करडई घ्यायला सुरुवात केली. औसा तालुक्यातलं आमचं गाव आणि आजूबाजूची तीन-चार गावं, एवढाच आमचा पट्टा. रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येणारं हे पीक पूर्वी इकडे रानोरान असायचं. आता हरभऱ्यानं त्याची जागा घेतली आहे, त्यामुळे माल शोधत फिरावं लागतं. यंदाचा हमीभाव ५,९४० रुपये क्विंटल आहे. मी ६,००० देते, पण दोन अटींवर: माल कडक वाळलेला हवा आणि खळ्यावर एकदा उफणलेला हवा. दाताखाली धरल्यावर दाणा कट्कन फुटला पाहिजे. नुसताच चेपला तर पोतं परत.

हमाली आणि टेम्पोचं भाडं धरून क्विंटलमागे शंभर रुपये वर जातात. म्हणजे घाण्याच्या दारात करडई ६,१०० रुपये क्विंटल पडते.

या वर्षी तेलाचा भाव अंदाजानं लावायचा नाही, असं मी आणि सासूबाईंनी ठरवलं आहे. आतापर्यंत आम्ही लातूरच्या दुकानातला घाण्याच्या तेलाचा भाव बघून त्याच्यापेक्षा वीस रुपये कमी लावायचो. पैसे उरायचे, पण कशातून उरले ते कळत नव्हतं. पेंडीचे पैसे तर सुटे यायचे आणि सुटेच घरखर्चात जायचे. यंदा पेंडीची वही वेगळी केली आहे.

१५ मार्च

आज एक क्विंटल करडई सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजून गाळली. घाण्यावर तात्या होते, काट्यावर मी.

१०० किलो माल चाळून, पाखडून ९७ किलो उरला. काडी, बोंडांची काटेरी कुसळं, माती आणि पोचट दाणे मिळून तीन किलो गेले. आमच्या घाण्यात एका वेळी सोळा किलो माल बसतो, म्हणजे क्विंटलाच्या सहा घाणी होतात. एका घाणीला तासापेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो. मधे तात्या हातानं पाण्याचा हबका मारतात, दाण्याचा चुरा बांधला जावा म्हणून. करडईला हे पाणी फार जपून द्यावं लागतं. कमी पडलं तर चुरा कोरडा फिरत राहतो आणि तेल सुटत नाही. जास्त झालं तर लाट, म्हणजे दाणा दाबणारा लाकडी दांडा, नुसती घसरते.

दुपारी पेंड भरली तेव्हा वजन ७३ किलो भरलं. ते वहीत लिहिलं, पण हिशेबात धरलं नाही, कारण त्यात हबक्याचं पाणी आहे. पेंड फोडून गच्चीवर पातळ पसरली आहे. वाळल्यावरचं वजन तेच खरं वजन.

१८ मार्च

पेंड वाळली, ७१ किलो भरली. तेलही टाकीत तीन दिवस निवळलं. वरचं स्वच्छ तेल २३ किलो निघालं, खाली एक किलो गाळ राहिला. उरलेले दोन किलो ओलीत आणि सांडलवंडीत गेले. गाळ पुढच्या घाणीत टाकायचा, त्याचे पैसे धरायचे नाहीत.

हे दोन आकडे आता भिंतीवर खडूनं लिहून ठेवले आहेत: १०० किलो करडईला २३ किलो तेल, ७१ किलो पेंड. वर्षभराचा हिशेब यावर चालणार. दाण्यात तेल तीस टक्क्यांच्या आसपास असतं, त्या तिसातले सात-आठ पेंडीत राहतातच. लाकडी घाण्यातून यापेक्षा फार जास्त निघत नाही. कुणी करडईला तीस टक्के उतारा सांगत असेल, तर त्यानं गाळ तेलात मोजला आहे असं मी समजते.

१९ मार्च

आता भाव. एका क्विंटलाचा खर्च असा:

करडई दारात: ६,१०० रुपये
घाण्यावरचा माणूस, एक दिवस: ५००
चाळायला बाई, अर्धा दिवस: १५०
वीज: १५०
लाट, पट्टा, दुरुस्ती: ८०
भाडं आणि कर्जाचा हप्ता, करडईच्या वाट्याचा: २२०

दाणा सोडून वरचा खर्च ११०० रुपये. एकूण ७,२०० रुपये. हे सगळे पैसे २३ किलो तेलावर टाकले तर तेल ३१३ रुपये किलो पडतं. पण याच ७,२०० रुपयांतून ७१ किलो पेंडही निघाली आहे. तिचे पैसे आधी दाण्याच्या किमतीतून वजा करायचे आणि उरलेलं तेलाच्या माथी मारायचं, ही रीत.

पेंडीचा भाव मी २० रुपये धरला आहे. ७१ किलोचे १,४२० रुपये. दाणा ६,१०० ऐवजी ४,६८० ला पडला. त्यात ११०० मिळवले की ५,७८०, आणि भागिले २३ म्हणजे किलोला २५१ रुपये.

बाटली लिटरची असते, किलोची नसते. करडईचं एक लिटर तेल सुमारे ९१५ ग्रॅम भरतं. म्हणून २५१ ला ०.९१५ ने गुणायचं: लिटरला २३० रुपये. पेंड वजा केली नसती तर हाच आकडा २८६ झाला असता. लिटरमागे छप्पन्न रुपयांचा फरक आहे, आणि माझ्या सगळ्या नफ्यापेक्षा तो मोठा आहे.

२३० वर बाटली, झाकण, लेबलचे १५ आणि गळती, चव द्यायला लागणारं तेल, फुटतूट यांचे ५. झाले २५०. त्यावर चाळीस रुपये आमचे. दारात भाव २९० रुपये लिटर. स्वतःची बरणी आणली तर २७५.

२३ मार्च

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सगळेजण सव्वीसनं पेंड न्यायलेत आणि तू वीसच कामून धरायलीस?"

प्रश्न बरोबर आहे. आज दारात पेंड खरंच २६ ने जाते. उन्हाळ्यात हिरवा चारा नसतो, कडबा महाग होतो, दुभत्या जनावरापुढे काहीतरी ठेवावंच लागतं. पण पाऊस पडून बांधावर गवत आलं की हाच माणूस पेंडीकडे बघत नाही. मागच्या पावसाळ्यात १७ ला गेली होती, तीही मिनतवारीनं. तेलाचा भाव मी २६ वर बसवला तर लिटर २१३ ला पडतं आणि मला २७५ ला विकता येईल. मग ऑगस्टमध्ये तेच तेल पंचवीस रुपयांनी महाग करायचं का? गिऱ्हाईक पेंडीचा भाव बघत नाही, बाटलीचा बघतं.

यातला ताळा पक्का लक्षात ठेवावा असा आहे. पेंड ७१ किलो आणि तेल २३ किलो, म्हणजे तेलाच्या तिप्पट पेंड. त्यामुळे पेंड किलोला एक रुपया हलली की तेल लिटरला पावणेतीन-तीन रुपयांनी हलतं. दाणा किलोला एक रुपया हलला तर तेल लिटरला चार रुपयांनी हलतं. शेंगदाण्याचं असं नाही. त्यात तेल चाळीस किलोच्या वर निघतं, पेंड पन्नास-पंचावन्न किलो. तिथे पेंडीचा रुपया तेलावर सव्वा रुपयाच करतो. करडईच्या घाण्याचं नशीब गोठ्यांशी जास्त बांधलेलं आहे.

२६ मार्च

वीसचा आकडा हवेतला राहू नये म्हणून वाटेवरच्या एका गोठेवाल्या दादांकडे जाऊन आले. त्यांच्याकडे म्हशी आणि दोन देवणी गाई मिळून दहा जनावरं आहेत. ते म्हणाले, "वहिनी, करडईची पेंड कडवट असते. एकदम टाकली तर जनावर तोंड फिरवतं. सरकीच्या पेंडीत मिसळून जनावरामागे किलोभर, त्याच्यावर नको."

त्यांचं खरं आहे. आमची पेंड टरफलासकटची आहे, तिच्यात चोथा जास्त आणि चव कडू. सरकी पेंडीच्या भावाशी तिची बरोबरी करायची नाही.

जनावरामागे किलो, दहा जनावरं, म्हणजे महिन्याला ३०० किलो. ठरलं ते असं: बारा महिने २० रुपये, महिन्याला ३०० किलो, रोख, पोती त्यांची, उचल त्यांची. उन्हाळ्यात मी त्यांना २६ मागायचे नाहीत आणि पावसाळ्यात त्यांनी मला १७ द्यायचे नाहीत. वरची पेंड मी ज्या भावाला जाईल त्या भावाला विकणार.

या बोलण्यातून घाण्याची खरी मर्यादाही कळली. मी रोज क्विंटल गाळायचं म्हटलं तर महिन्याला पावणेदोन टन पेंड निघेल. तेवढी खपवायला पन्नास-साठ जनावरं रोज माझ्याच पेंडीवर लागतील. तेल एक वेळ पुण्याला पाठवता येतं. वीस रुपये किलोची पेंड वीस किलोमीटरच्या पुढे भाडं देऊन जात नाही. म्हणून महिन्याला किती गाळायचं हे यंदा पेंडीच्या खपावर ठरवते आहे. उन्हाळ्यात आठ क्विंटलपर्यंत.

१० एप्रिल

आज चौथ्या घाणीची पेंड हातात घेतली तेव्हा मऊ लागली. आमच्याकडे चांगली पेंड खापरीसारखी निघते, मोडली की कडक आवाज येतो. ही वाकली. वर्तमानपत्राच्या कागदावर चिमूटभर दाबून धरली तर तेलाचा डाग बघता बघता पसरला. तेल मोजलं, तर घाणीला नेहमीपेक्षा जवळजवळ पावशेर कमी.

तात्यांनी लाट उचलून बघितली. खालचं टोक झिजून गोल झालं होतं, दाब बसत नव्हता. सुताराला बोलावून नवं टोक बसवून घेतलं.

या पावशेराची किंमत मांडून बघण्यासारखी आहे. सहापैकी चार घाणींत असं होऊन क्विंटलाला एक किलो तेल कमी निघालं आणि पेंड एक किलोनं वाढली असं धरू. २३ ऐवजी २२ किलो तेल, ७१ ऐवजी ७२ किलो पेंड. पेंडीकडून वीस रुपये जास्त आले. पण आता तेल किलोला २६२ आणि लिटरला २४० पडतं. लिटरमागे दहा रुपये गेले, म्हणजे माझ्या चाळीसातले पाव. २५१ रुपयांचं तेल २० रुपयांच्या पेंडीतून गेलं, त्याचा हा परिणाम. गोठेवाला तेलकट पेंडीचा भाव वाढवून देत नाही, आणि का द्यावा? म्हणून प्रत्येक घाणीचं तेल आणि पेंड दोन्ही मोजायचं. दिवसाची बेरीज करून चालत नाही. चार घाणी चांगल्या आणि दोन वाईट असल्या तर बेरजेत त्या दिसत नाहीत.

४ मे

गावातून एकूण ४४ क्विंटल करडई आली. गोदामात थप्पी लागली आहे. आता सगळे एकच सांगतात: पेंड महाग आहे तोवर सगळी करडई गाळून टाक, तेल दिवाळीपर्यंत ठेव.

पेंडीच्या बाजूनं हे बरोबर आहे, तेलाच्या बाजूनं नाही. करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असतं, आणि हवा, ऊन लागलं की हेच आम्ल आधी बिघडतं. घाण्याचं न शुद्ध केलेलं तेल मे महिन्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर दिवाळीला उघडताना खवट वास येणार. पहिल्यांदा तो वास नाकाला कळतही नाही, फोडणीत कळतो. दाणा मात्र टरफलात सुरक्षित असतो. कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो. म्हणजे साठवायचं ते दाण्यात साठवायचं.

त्याला खर्च आहे. माल घ्यायला पैसे शेकडा एक रुपया महिन्यानं उचललेत. क्विंटलवर महिन्याला साठ रुपये व्याज. तेलावर मांडलं तर प्रत्येक महिना लिटरला जवळजवळ अडीच रुपये चढवतो. मार्चची करडई सप्टेंबरात गाळली तर लिटरमागे चौदा रुपये व्याजाचे. घाणेवाले हा खर्च धरत नाहीत, कारण तो कुणाला रोज द्यावा लागत नाही.

म्हणून वाटणी अशी केली: मेअखेरपर्यंत २० क्विंटल, जून-जुलैत मिळून ८, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर १६. उन्हाळ्यात २६ ने विकलेल्या पेंडीतले वरचे सहा रुपये वेगळ्या पानावर, "पेंड फरक" या नावानं. त्याला घरखर्चात हात लावायचा नाही.

३ जून

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. रानं आत्ताच हिरवी झाली आहेत आणि पेंडीचं गिऱ्हाईक एकदम थांबलं. बरं झालं, २० क्विंटल आधी उरकले होते.

फरकाच्या पानाची बेरीज केली. २० क्विंटलांची १,४२० किलो पेंड निघाली. त्यातली ७५० किलो दादांच्या गोठ्यावर २० नं गेली, ६७० किलो दारात २६ नं. फरक ४,०२० रुपये.

१३ जुलै

मजुरीच्या गाळपाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. पंचवीस-तीस किलो करडई घेऊन येणारे शेतकरी बरेच आहेत. स्वतःचा माल, स्वतःच्या डोळ्यांदेखत गाळून न्यायचा. त्यांना दोन पर्याय होते: किलोला १२ रुपये मजुरी द्या आणि तेल, पेंड दोन्ही न्या, नाहीतर पेंड इथे ठेवा आणि मजुरी देऊ नका.

वही चाळली तर चित्र स्पष्ट आहे. पंचवीस किलो करडईची मजुरी ३०० रुपये. तिची पेंड सुमारे अठरा किलो. एप्रिलमध्ये त्या पेंडीचे ४६८ रुपये होत होते, म्हणून कुणीही ठेवली नाही, सगळ्यांनी पैसे दिले आणि पेंड नेली. आता तिचे तीनशेच होतात, म्हणून जो येतो तो पेंड ठेवून जातो. शेतकरी बरोबरच वागतो, घरात गवत असताना तो पेंड कशाला वाहून नेईल? पण याचा अर्थ असा की पेंड माझ्याकडे नेमकी मंदीतच साचते, आणि वर ती वाळवणं, पोत्यात भरणं, गिऱ्हाईक शोधणं माझ्याकडे येतं.

आजपासून पावसाळ्यात पेंड ठेवली तर शेतकऱ्यानं वर करडईच्या किलोला दोन रुपये द्यायचे, असा फलक लावला. शेजारच्या आळीतले आबा जरा रागावले. त्यांना अठरा किलो पेंड काट्यावर घालून दाखवली आणि आजचा भाव सांगितला. "मग बरुबर आहे की," म्हणाले आणि पन्नास रुपये दिले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही पेंड मजुरीची आहे. ती माझ्या करडईच्या हिशेबात वजा करायची नाही. दोन्ही पेंडी एकाच ढिगात पडतात, एकाच काट्यावर विकल्या जातात, त्यामुळे महिन्याच्या शेवटी पेंडीचे पैसे भरपूर दिसतात आणि तेल स्वस्त पडलं असं वाटतं. म्हणून पोत्यांना वेगळी सुतळी: आमच्या मालाला लाल, मजुरीच्याला साधी.

२४ ऑगस्ट

जून-जुलैच्या आठ क्विंटलांची पेंड सगळी दादांकडेच गेली, २० नं. तिथे नफा-तोटा काही नाही. मात्र त्या मालाचं व्याज १,९२० रुपये झालं, ते फरकाच्या पानातून दिलं. पानावर २,१०० उरले.

पुढच्या १६ क्विंटलांचं गणित आज बसून केलं. पेंड १,१३६ किलो होईल. तीन महिन्यांत ९०० किलो गोठ्यावर २० नं, उरलेली २३६ किलो १७ नं, म्हणजे ७०८ रुपयांची तूट. व्याज ५,७६०. दोन्ही मिळून ६,४६८. त्यातून पानावरचे २,१०० वजा केले की ४,३६८ उरतात. या मालाचं तेल सुमारे ४०० लिटर. लिटरमागे अकरा रुपये.

मला आधी वाटत होतं की पेंडीची मंदीच मोठा खड्डा पाडेल. आकडे मांडल्यावर ती सातशेची निघाली आणि व्याज पावणेसहा हजारांचं. दादांशी ठरलेला भाव नसता तर पेंडीची तूट चौतीसशेच्या पुढे गेली असती, ते वेगळं.

१ सप्टेंबरपासून दारातला भाव ३०० रुपये. दहाच वाढवले, एक रुपया आमच्या चाळीसातून गेला तरी चालेल.

२८ सप्टेंबर

या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्याकडेही नाल्याकाठची रानं खरवडून गेली. घाण्याचं शेड उंचावर आहे म्हणून दाणा वाचला, पण पेंड वाळायला जागाच नाही. गच्ची ओली, हवा ओली.

ओली पेंड पोत्यात भरली की दोन दिवसांत आतून तापते. पोत्याच्या मध्यापर्यंत हात घालून बघायचं. हाताला ऊब लागली तर लगेच ओतून पसरायची. वास आंबूस आला किंवा गाठीवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती पेंड जनावराला द्यायची नाही. बुरशीचं विष दुधातून माणसात येतं. अशी पंधरा-सोळा किलो निघाली, ती उकिरड्यात टाकली आणि वहीत शून्य भावानं लिहिली. जी विकली गेली तेवढीच पेंड दाण्यातून वजा होते, निघाली तेवढी नाही.

आता पंख्याखाली जेवढी वाळेल तेवढंच गाळते आहे, दिवसाला तीन घाणी. तात्यांना पाण्याचा हबकाही कमी करायला सांगितला आहे, कारण पावसाळी हवेत दाण्यातच ओल आली आहे. पहिल्या घाणीला पाणी अजिबात दिलं नाही, तरी तेल नीट सुटलं.

१४ ऑक्टोबर

दिवाळीची मागणी सुरू झाली. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका दुकानदारानं चाळीस बाटल्या मागितल्या. त्याला पंधरा टक्के हवेत. ३०० ची बाटली त्याला दिली तर माझ्या हातात २५५ येतात, आणि या मालाला माझा खर्चच २६० च्या वर आहे. त्याला सांगितलं की दुकानात छापील किंमत ३५० राहील, म्हणजे मला साधारण २९७ मिळतील. तो तयार झाला. आमच्या दारात ३०० आणि दुकानात ३५०, यावर कुणी विचारलं तर सरळ सांगते की मधले पैसे दुकानाच्या भाड्याचे आहेत.

डब्याची मागणीही येते आहे. फोनवर सगळे "पंधराचा डबा" म्हणतात, आणि पंधरा किलो की पंधरा लिटर हे कुणीच सांगत नाही. घरचा डबा घेऊन आलं तर लिटरला २८५. पंधरा लिटरचे ४,२७५ होतात. पंधरा किलो म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर, त्याचे ४,६७० च्या पुढे. चारशे रुपयांचा फरक आहे. म्हणून प्रत्येक डब्यावर किलो आणि लिटर दोन्ही लिहिते आणि भरते ते काट्यावरच. थंडी-उन्हात तेलाचं आकारमान बदलतं, वजन बदलत नाही.

दादा पेंड न्यायला आले होते. पुढच्या वर्षी २० ऐवजी २१ देतो म्हणाले, पण महिन्याला ४०० किलो पाहिजे, दोन म्हशी वाढल्यात. होय म्हटलं. करडई किती घ्यायची ते आता मार्चमधला भाव बघून ठरवेन. दाणा ६५ च्या वर गेला तर २१ ची पेंड धरूनही लिटर २४५ च्या पुढे पडतं, आणि मग ४४ क्विंटल घेणं जमणार नाही.